वारंवार विचारले जाणारे प्रश्न : नातेवाईकाने स्टाफला शिवीगाळ केली तर इन्सिडेंट रिपोर्ट कसा लिहायचा

मी बरीच वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काम केलं. आता नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलात क्वालिटीचं काम बघते, म्हणजे सगळ्या वॉर्डांचे इन्सिडेंट फॉर्म माझ्या टेबलावर येतात. पेशंट पडला, चुकीचं औषध दिलं गेलं, सुई टोचली असे फॉर्म आता मुली व्यवस्थित भरतात. शिवीगाळीचा फॉर्म मात्र बहुतेकदा तीन ओळींत संपलेला असतो आणि त्या तीन ओळींतून काय घडलं ते कळत नाही. इथले प्रश्न मला स्टाफने विचारलेलेच आहेत.

अंगाला हात लावला नाही, फक्त बोलला. तरी फॉर्म भरायचा का?

भरायचा. आमच्याकडे अजूनही मारहाण झाली, काच फुटली तरच "इन्सिडेंट झाला" असं धरतात. शिवी खाल्ली की इन्चार्ज सिस्टर म्हणतात, "जाऊ दे गं, त्यांचा पेशंट सीरियस आहे." पेशंट सीरियस असतो हे खरंच, आणि तेही फॉर्ममध्ये लिहायला जागा आहे. पण शिवी न लिहिल्यामुळे पुढच्या शिफ्टला काहीच माहीत नसतं. तोच माणूस रात्री पुन्हा येतो, स्टेशनवर एकटीच सिस्टर असते, आणि संध्याकाळी काय झालं हे सिक्युरिटीलाही कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. महाराष्ट्रात डॉक्टर, नर्सेस, नर्सिंगचे विद्यार्थी आणि पॅरामेडिकल स्टाफ यांच्यावरच्या हिंसेविरुद्ध २०१० चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात हिंसा म्हणजे फक्त मारहाण नाही. कामावर असलेल्या व्यक्तीला धाकदपटशा दाखवणं आणि तिच्या कामात अडथळा आणणं हेही त्यात येतं. तेव्हा नुसतं मोठ्याने बोलणं एक आणि "गेटवर थांबतो, बघतो तुला" म्हणणं वेगळं. हा फरक ठरतो नेमक्या शब्दांवरून, आणि ते शब्द कागदावर नसतील तर नंतर कुणालाच ठरवता येत नाही.

कुणी लिहायचा आणि कधीपर्यंत?

जिच्याशी बोलणं झालं तिने स्वतः, स्वतःच्या हाताने, त्याच शिफ्टमध्ये, घरी जायच्या आधी. इन्चार्जने तिच्या वतीने लिहू नये. मदत करायची तर शेजारी बसावं, पाणी द्यावं, तिचे बेड अर्धा तास दुसऱ्या कुणाकडे द्यावेत. रडू येत असेल तर आधी रडू द्यावं. पण "उद्या लिही" म्हणू नये. झोप झाली की माणसाला प्रसंग आठवतो, शब्द पुसट होतात, आणि सकाळपर्यंत घरच्यांनी, मैत्रिणींनी जे म्हटलं ते त्यात मिसळलेलं असतं.

अगदीच जमलं नाही तर कागदाच्या तुकड्यावर त्याची दोन-तीन वाक्यं आणि वेळ तेवढी लिहून ठेवा, खाली सही करा. तो तुकडा नंतर फेकू नका, फॉर्मला जोडा. आणि फॉर्म दुसऱ्या दिवशी लिहिला असेल तर वर दुसऱ्या दिवसाचीच तारीख-वेळ टाका, उशीर का झाला तेही एका ओळीत लिहा. मागची तारीख टाकून भरलेला फॉर्म एकदा उघडा पडला की त्यातल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

शिवी जशीच्या तशी लिहायची? फार घाण वाटतं.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्या मुलीचा हात खरंच थांबलेला असतो. एकदा एका सिस्टरने पूर्ण फॉर्म सुंदर अक्षरात भरला आणि शिवीच्या जागी पेन्सिलने बारीक फुल्या काढल्या. ती म्हणाली, "मॅडम, माझ्या अक्षरात तो शब्द नको." मला तिचं म्हणणं आतून पटलं. तरीही मी तिला तो लिहायला लावला.

कारण असं की "अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली" या वाक्यात काहीही मावतं. "अक्कल नाही का तुला" यालाही लोक शिवीगाळ म्हणतात आणि आईबहिणीवरून दिलेल्या शिवीलाही. बाईच्या लज्जेला धक्का देणारा शब्द असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ लागू शकतं. मुद्दाम अपमान करून शांतताभंगाला चिथावणी दिली असेल तर कलम ३५२. धमकी असेल तर कलम ३५१. जातीवरून बोलला असेल तर ॲट्रॉसिटीचा कायदा. ही कलमं तुम्ही फॉर्ममध्ये लिहायची नाहीत, ते पोलिसांचं काम. पण कोणतं कलम हे ठरवायला त्यांना शब्दच लागतो. फुल्यांवरून कलम ठरत नाही.

म्हणून अवतरणचिन्हात, पूर्ण, त्याने जसा उच्चारला तसा. जातीवाचक शब्द असेल तर तोही तसाच. हा फॉर्म बंद पाकिटात जातो, नोटीस बोर्डावर लागत नाही. लिहिणाऱ्या मुलीला अजिबातच जमत नसेल तर तिने सांगावं आणि दुसऱ्या बाईने तो एकच शब्द लिहावा, शेजारी "सिस्टरने सांगितल्याप्रमाणे मी लिहिला" अशी नोंद आणि दोघींच्या सह्या. उरलेला फॉर्म तिचाच.

भाषाही बदलू नका. आपल्याकडे कळवण, सटाणा, मालेगावकडचे पेशंट येतात, त्यांचे नातेवाईक रागात अहिराणीत जातात. तो म्हणाला असेल "तुले दखी लिसू" तर तसंच लिहा, पुढे हवं तर "म्हणजे तुला बघून घेईन" असा अर्थ द्या. त्याचं वाक्य प्रमाण मराठीत आणलं की ते त्याचं राहत नाही. उद्या तो "मी असं बोललोच नाही" म्हणेल आणि शब्दशः पाहिलं तर ते खरंच असेल.

नेमके शब्द आठवत नसतील तर?

मग आठवत नाहीत असंच लिहा. जेवढं आठवतं तेवढं अवतरणात आणि बाकीचं "याच अर्थाचं आणखी दोन-तीन वाक्यं बोलले, नेमके शब्द आठवत नाहीत" असं. भीतीने कान बंद झाल्यासारखे होतात हे मी स्वतः अनुभवलंय. रिकामी जागा भरायला आपणच वाक्य रचू नये. एक रचलेलं वाक्य सीसीटीव्ही किंवा साक्षीदाराशी जुळलं नाही की बाकीची नऊ खरी वाक्यंही संशयात येतात.

एखादा फॉर्म प्रत्यक्ष कसा दिसतो ते दाखवाल का?

दाखवते. प्रसंग मला माहीत असलेला आहे. ओळख पटू नये म्हणून बेड नंबर, नाती आणि वेळा बदलल्या आहेत.

पुरुष वॉर्ड, संध्याकाळची शिफ्ट, दोन ते आठ. बेड ७ वर न्यूमोनियातून बरे झालेले साठीच्या आतले काका. सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणाले, आज डिस्चार्ज. विमा कॅशलेस होता, मंजुरी येत नव्हती. पुतण्या सकाळपासून बसलेला, आणि कळवणकडे जायची गाडी निघून गेलेली. आठला ओव्हर द्यायचा म्हणून सिस्टर स्टेशनवर चार्ट पूर्ण करत होती. तिने पहिल्यांदा लिहिलेला मजकूर असा :

"संध्याकाळी बेड ७ च्या नातेवाईकाने दारूच्या नशेत स्टेशनवर येऊन विनाकारण आरडाओरडा केला व सिस्टरला अर्वाच्य भाषेत शिवीगाळ करून धमकी दिली. सर्व स्टाफ घाबरला. तरी योग्य ती कारवाई करावी ही विनंती."

वाचताना आपल्याला वाटतं, सगळं आलं की. आता एकेक शब्द बघा. "संध्याकाळी" म्हणजे पाचला की आठला? सीसीटीव्ही कुठून काढायचा? "नातेवाईकाने" म्हणजे कोणत्या? त्या बेडला दिवसभरात चार जण येऊन गेले होते. "दारूच्या नशेत" हे तिला कसं कळलं? तपासणी तर कुणी केली नव्हती. "विनाकारण" तर सरळ चूक, कारण होतं आणि ते आम्हालाही माहीत होतं. "शिवीगाळ" आणि "धमकी" म्हणजे काय ते वर आलंच. "सर्व स्टाफ घाबरला" हे ती इतरांच्या मनातलं सांगतेय, स्वतःचं नाही. आणि शेवटची विनंती फॉर्ममध्ये लागतच नाही.

मी तिला म्हटलं, तू मला तोंडी सांग, जसं आईला सांगशील तसं. ती सांगत गेली, मी मध्ये फक्त "मग?" आणि "किती वाजता?" एवढंच विचारलं. नंतर तिने जे लिहिलं ते असं :

"मी संध्याकाळी ७.३५ वाजता पुरुष वॉर्डाच्या स्टेशनवर चार्ट भरत होते. वेळ माझ्या मोबाइलवरची आहे, वॉर्डातलं घड्याळ ६ मिनिटं मागे आहे. बेड ७ च्या पेशंटचे पुतणे स्टेशनसमोर आले. ॲडमिशन फॉर्मवर नातेवाईक म्हणून यांचीच सही आहे. ते म्हणाले, 'सकाळपासून डिस्चार्ज डिस्चार्ज करताय, आमची गाडी गेली.' मी म्हणाले, 'दादा, मंजुरी अजून आलेली नाही, मी बिलिंगला परत फोन लावते.' मी फोन उचलला. त्यांनी काउंटरवर दोनदा हात आपटला आणि म्हणाले, 'तू कोण गं सांगणारी? दोन दमडीची नोकर तू.' त्यानंतर त्यांनी मला उद्देशून"

इथे तिने ती शिवी पूर्ण लिहिली आहे, मी इथे गाळते.

"असं म्हटलं. मी काही बोलले नाही. ते म्हणाले, 'किती वाजता सुटते तुझी ड्यूटी? गेटवर थांबतो. तुले दखी लिसू.' मग 'सलाईन मीच काढतो' असं म्हणत ते बेड ७ कडे निघाले. मी मावशींना सिक्युरिटीला बोलवायला सांगितलं आणि त्यांच्या मागे गेले. त्यांनी सलाईनला हात लावला नाही. ७.४१ ला सिक्युरिटी आले, पुतणे त्यांच्याबरोबर बाहेर गेले. बोलताना माझ्या आणि त्यांच्या मध्ये फक्त काउंटर होता, त्यांच्या तोंडाला दारूसारखा वास येत होता, चालताना तोल जात नव्हता. ७.४४ ला आरएमओंना फोनवर कळवलं. ७.५० ला बेड ७ ची सलाईनची जागा बघितली, सूज नाही, सुई जागेवर. माझे हात थरथरत असल्यामुळे ७.३५ ते ८.०० मध्ये बेड ४ चं इंजेक्शन द्यायला उशीर झाला, ते ८.१० ला दुसऱ्या सिस्टरने दिलं. मी एकटी बाहेर जायला घाबरत होते. ८.४० ला सिक्युरिटीने रिक्षापर्यंत सोडलं."

हे साहित्य नाही आणि तसं व्हायलाही नको. पण यातून सगळं कळतं. कोण, कुठे उभा, काय म्हणाला, तिने काय उत्तर दिलं, कोणाला कधी कळवलं. वासाबद्दल ती फक्त तिच्या नाकाला जाणवलं तेवढं सांगते, निष्कर्ष काढत नाही. तोल जात नव्हता हे त्याच्या बाजूचं निरीक्षणही तिने लिहिलं, आणि त्यामुळेच बाकीचं खरं वाटतं. बेड ४ च्या इंजेक्शनची ओळ तर मला सगळ्यात मोलाची वाटते. शिवीगाळीने कामात अडथळा आला म्हणजे नक्की काय झालं, हे त्या एका ओळीत दिसतं. ती ओळ लिहायला ती आधी तयार नव्हती, तिला वाटलं आपलीच चूक दिसेल.

शेवटची ओळ तिने ८.४० ला रिक्षात बसण्याआधी नाही, दुसऱ्या दिवशी येऊन जोडली, आणि शेजारी त्या दिवसाची तारीख-वेळ टाकून सही केली. नंतरची भर अशीच घालायची.

आपली चूकही लिहायची का? उद्या आपल्यावरच उलटलं तर?

लिहायची. वरच्या प्रसंगात डॉक्टरांनी सकाळी १०.४० ला डिस्चार्ज सांगितला होता. कागद टीपीएकडे गेले दुपारी १.१५ ला. साडेचारला तिकडून शंका आली, आमच्याकडून उत्तर गेलं पावणेसहाला. डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून ३ तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यावी असा विमा नियामकाचा २०२४ चा नियम आहे, पण ते तीन तास सुरू होण्याआधी आमचेच अडीच तास गेले होते. आणि या सगळ्या वेळात त्या पुतण्याला "होईल, होईल" याखेरीज कुणी काही सांगितलं नव्हतं.

यामुळे शिवी माफ होत नाही. पण हे फॉर्ममध्ये आलं म्हणून आम्हाला पुढे काहीतरी बदलता आलं. आता डिस्चार्ज सांगितल्यावर कागद कुठे आहेत ते दर दोन तासांनी बिलिंगचा माणूस वॉर्डात येऊन नातेवाईकांना सांगतो, सिस्टरच्या तोंडून सांगवत नाही. "विनाकारण आरडाओरडा केला" असा फॉर्म आला असता तर आम्ही फक्त एक सिक्युरिटी गार्ड वाढवला असता.

पेशंटच्या केस पेपरमध्ये पण लिहायचं का?

शिवी लिहायची नाही. केस पेपर पेशंटच्या आजाराचा आणि उपचारांचा आहे. शिवी पुतण्याने दिली, काकांनी नाही. त्यांची फाइल पुढे दुसऱ्या डॉक्टरकडे जाणार, त्यात पुतण्याच्या तोंडाची नोंद कशाला? शिवाय नोंदींची प्रत पेशंटने मागितली तर डॉक्टरांनी ती ७२ तासांत द्यायची असते. रागात लिहिलेली ओळ मग त्याच घरात वाचली जाते.

उपचाराशी संबंध असलेलं तेवढं नर्सेस नोट्समध्ये येतं. उदाहरणार्थ : "७.४० नातेवाईकांनी सलाईन काढण्याची मागणी केली. ७.४४ आरएमओंना कळवलं. ७.५० सलाईनची जागा तपासली, ठीक." बस. नोट्समध्ये "इन्सिडेंट फॉर्म भरला आहे" असंही लिहू नका, तो हॉस्पिटलचा आतला कागद आहे आणि त्याची फाइल वेगळी. मात्र आतला म्हणजे गुप्त असं समजून मनाला येईल तेही लिहू नका. कोर्टाने मागवला तर तो द्यावा लागू शकतो.

साक्षीदार कोण धरायचे?

ज्यांनी स्वतः पाहिलं किंवा ऐकलं ते. मावशी, मामा, सिक्युरिटी, दुसरी सिस्टर, कुणीही. मावशींना लिहिता येत नसेल तर त्या सांगतील तसं दुसऱ्याने लिहावं, वाचून दाखवावं आणि अंगठा किंवा सही घ्यावी. लिहिणाऱ्याचं नावही खाली हवं.

एक चूक मी वारंवार बघते. चौघी एका टेबलाभोवती बसतात, एकीचा फॉर्म मध्ये ठेवतात आणि चौघींचे जबाब शब्दाला शब्द सारखे होतात. त्यांना वाटतं जुळलं म्हणजे पक्कं झालं. उलट असतं. खऱ्या माणसांना एकच प्रसंग थोडा वेगळा दिसतो. वरच्या प्रसंगात मावशींनी सांगितलं की हात तीनदा आपटला, आणि "दोन दमडीची" हे त्यांना ऐकूच आलं नव्हतं, कारण त्या तेव्हा बाथरूमच्या दारात होत्या. दोन्ही जबाब तसेच ठेवले. मावशी कुठे उभ्या होत्या हे लिहिलं होतं, त्यामुळे फरकाचं कारणही कागदावरच होतं.

शेजारच्या बेडचे पेशंट किंवा त्यांचे नातेवाईक यांच्याकडून लगेच सह्या घेऊ नका. ते उपचारांसाठी आलेत, त्यांना नाही म्हणणं जड जातं. "बेड ६ आणि ८ चे पेशंट जागे होते" एवढी नोंद पुरे. लागलं तर पोलीस विचारतील.

सीसीटीव्ही आहे की. मग एवढं लिहायचं कशाला?

बहुतेक वॉर्डांतल्या कॅमेऱ्यांना आवाज नसतो. हात आपटताना दिसेल, शब्द दिसणार नाही. म्हणजे शिवीगाळीत कॅमेरा तुमच्या लिहिण्याला आधार देतो, त्याची जागा घेत नाही.

आणि हे फुटेज कायमचं नसतं, ठरावीक दिवसांनी जुन्यावर नवीन चढतं. तुमच्याकडे किती दिवस राहतं ते आजच आयटीवाल्यांना विचारून ठेवा. घटना झाली की त्याच दिवशी लेखी मागणी द्या : कोणता कॅमेरा, कोणती तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, घटनेच्या आधीची आणि नंतरची पंधरा मिनिटं धरून. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि तुमच्या मोबाइलचं घड्याळ यात किती फरक आहे तेही टिपून घ्या. कोर्टात द्यायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते काम आयटी आणि वकील बघतील.

कुणी मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं असेल तर मूळ फाइल त्याच मोबाइलमध्ये ठेवा, कापू नका, नाव बदलू नका. वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. त्यात मागे बेडवरचे पेशंट दिसतात, आणि एकदा बाहेर गेलं की तक्रार आपल्याविरुद्ध येते.

इन्सिडेंट फॉर्म भरला म्हणजे पोलिसांत तक्रार झाली का?

नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा गैरसमज फार आहे. फॉर्म हॉस्पिटलसाठी. तक्रार पोलीस ठाण्यात लेखी द्यावी लागते. प्रसंग चालू असेल, माणूस आवरत नसेल, तर आधी ११२ ला फोन. फॉर्म नंतर.

ठाणं कोणतं हे हॉस्पिटल कुठे आहे त्यावर. मुंबई नाका, सरकारवाडा, गंगापूर, अंबड, नाशिकरोड, पंचवटी अशी हद्द बदलते, म्हणून आपल्या ठाण्याचा नंबर स्टेशनवर चिकटवून ठेवावा. पण हद्दीवरून परत पाठवलं तर अडून बसू नका असं मी म्हणणार नाही, अडून बसा. नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द कोणतीही असली तरी नोंदवून घ्यायची असते.

नुसत्या अपमानाची तक्रार असेल तर बहुधा एनसी होते, म्हणजे अदखलपात्र नोंद, आणि पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत. २०१० च्या कायद्याखालचा गुन्हा मात्र दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, त्याला ३ वर्षांपर्यंतची कैद आणि ५० हजारांपर्यंतचा दंड सांगितलेला आहे. आपल्या तक्रारीत धाक आणि कामातला अडथळा नेमका दिसला तरच तो लावायचा विचार होतो. "गेटवर थांबतो" आणि "बेड ४ चं इंजेक्शन लांबलं" या दोन ओळी इथे कामाला येतात. तक्रार हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, अधिकाऱ्याच्या सहीने गेली तर बरं. एकट्या सिस्टरला ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवणं मला मान्य नाही.

बोलणं लैंगिक स्वरूपाचं असेल तर तिसरा रस्ताही आहे, हॉस्पिटलची अंतर्गत तक्रार समिती. बाहेरच्या माणसाने त्रास दिला तरी २०१३ च्या कायद्यात मालकाची जबाबदारी आहे. मुदत घटनेपासून तीन महिन्यांची.

नातेवाईकाने माफी मागितली. फॉर्म फाडायचा का?

फाडायचा नाही, खोडायचा नाही, बदलून नवाही लिहायचा नाही. त्याच फॉर्मच्या खाली तारीख-वेळ टाकून लिहायचं : अमुक वाजता ते आले, असं म्हणाले, मी हे उत्तर दिलं. वरच्या प्रसंगातला पुतण्या दुसऱ्या दिवशी खरंच आला होता, हातात पेढ्यांचा पुडा. सिस्टरने पुडा घेतला नाही, माफी ऐकून घेतली, आणि "मला पोलिसांत जायचं नाही" असं तिच्या हाताने खाली लिहिलं. तो निर्णय तिचा होता आणि तो आम्ही मानला. फॉर्म मात्र नंबर पडून फाइलला लागला.

"वर जाऊ देऊ नका, ऑडिट आहे" असं कुणी म्हणालं तर फॉर्मचा स्वतःच्या मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवू नका, मेट्रन मॅडमना भेटा. त्यात पेशंटची माहिती असते, त्यामुळे फोटो आपल्याकडे ठेवणं योग्य नाही. त्याऐवजी फॉर्म देताना तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही असलेली पोच मागा. पोच मागणं उद्धटपणा नाही.

फॉर्म दिल्यावर मला काय कळायला हवं?

तुमच्या फॉर्मला नंबर किती, तो कोणाकडे आहे, आणि पुढे काय ठरलं. आमच्याकडे पुढच्या ड्यूटीला येण्याआधी तीन गोष्टी सिस्टरला सांगायच्या असं ठरवलंय. तो नातेवाईक अजून हॉस्पिटलात येतो का. तो बेड तिच्याकडेच राहणार की बदलणार, यात तिला विचारूनच. आणि सुटताना गेटपर्यंत कोण सोबत येणार.

काकांचे उपचार यात कुठेही थांबत नाहीत. त्या रात्री त्यांची सलाईन दुसऱ्या सिस्टरने काढली, मंजुरी रात्री आली, आणि सकाळी ते घरी गेले. जाताना त्यांनी विचारलं, "काल ती पोरगी होती ती कुठंय?" तिची ड्यूटी दुपारची होती.